रुपयात मोजायचं की डॉलरमध्ये?

वाचकाचं पत्र

"आम्ही सांगलीचे. मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. २०२१ च्या डिसेंबरअखेर आम्ही १० लाख रुपये अमेरिकेतल्या मोठ्या ५०० कंपन्यांच्या इंडेक्स फंडात एकरकमी घातले. परवा जुने कागद लावताना २०२२ चा उतारा सापडला. त्या वर्षी तिकडचा बाजार १८ टक्क्यांनी पडल्याचं सगळे सांगतात, आमच्या उताऱ्यावर मात्र ९ टक्क्यांच्या आसपासच तोटा दिसतो. उतारा चुकला आहे का? नणंदेचे यजमान बँकेतून निवृत्त झालेत. ते म्हणतात, रुपया पडला म्हणून तोटा झाकला गेला, हा नुसता भास आहे. शिवाय शेअरची १६ टक्के चढउतार आणि वर डॉलरची ५ टक्के, म्हणजे २१ टक्के जोखीम डोक्यावर घेतली आहे, पैसे काढून घ्या. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दोन वर्षांनी अमेरिकेत एमएस करायचं म्हणते. हे पैसे तिच्या फीसाठीच आहेत. काय करावं?"
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर

ताई, तुमचा उतारा बरोबर आहे. भाऊजींचं एक म्हणणं साफ चूक आहे आणि दुसरं अर्धं खरं. खरं असलेलं अर्धं नेमकं तुमच्या मुलीच्या फीला लागू पडतं, म्हणून आधी हिशेब नीट मांडू.

तुम्ही अडतीच्या घरातल्या, तेव्हा पट्टी कशी होते हे तुम्हाला मी सांगायला नको. वजन गुणिले भाव. परदेशी फंडाचंही तेच आहे. तुमचे डॉलर म्हणजे वजन आणि डॉलरचा रुपयातला दर म्हणजे भाव. २०२१ च्या अखेरीस डॉलर सुमारे ७४.३ रुपयांना होता. १० लाखांचे झाले साधारण १३,४५९ डॉलर. २०२२ मध्ये एस अँड पी ५०० हा निर्देशांक लाभांश धरून १८.१ टक्क्यांनी उतरला, म्हणून वर्षअखेर हातात राहिले ११,०२३ डॉलर. तोवर डॉलर सुमारे ८२.७ रुपयांवर गेला होता. ११,०२३ ला ८२.७ ने गुणलं की ९ लाख ११ हजार ६०० च्या आसपास येतात. तोटा ८.८ टक्के. फंड आपला वार्षिक खर्च कापतो, तो धरला की तुमच्या उताऱ्यावरचा आकडा जुळतो.

यात एक गोष्ट बघा. डॉलर ११.३ टक्क्यांनी महागला आणि शेअर १८.१ टक्क्यांनी पडले. पुष्कळ लोक सरळ वजाबाकी करतात आणि ६.८ टक्के तोटा काढतात. तो खऱ्या तोट्यापेक्षा दोन टक्क्यांनी कमी येतो. ते दोन टक्के कुठे गेले? गोदामात १०० पोती ठेवली आणि तूट येऊन ८२ उरली, तर भाव ११ टक्क्यांनी वाढला तरी तो ८२ पोत्यांनाच मिळतो. गेलेल्या १८ पोत्यांना वाढीव भाव कोण देणार? म्हणून बेरीज-वजाबाकी न करता गुणाकार करायचा. ०.८१९ ला १.११३ ने गुणलं की ०.९१२ येतं, म्हणजे शंभरातले ९१ रुपये २० पैसे उरले. आकडे लहान असतात तेव्हा दोन्ही रीतींत फरक पडत नाही, पण वर्षभराची मोठी पडझड असेल तर बेरीज हटकून फसवते.

आणखी एक चूक सुशिक्षित माणसंसुद्धा करतात. बातमीत वाचतात की रुपया १०.२ टक्क्यांनी घसरला आणि तोच आकडा हिशेबात घालतात. ७४.३ चे ८२.७ झाले तेव्हा डॉलर रुपयाच्या मापाने ११.३ टक्के वर गेला, आणि रुपया डॉलरच्या मापाने १०.२ टक्के खाली आला. घटना एकच, पण पाया वेगळा असल्यामुळे टक्के वेगळे. तुमची मालमत्ता डॉलरमध्ये आणि मोजमाप रुपयात आहे, म्हणून तुम्हाला डॉलर किती वर गेला हाच आकडा हवा.

आता भाऊजींच्या २१ टक्क्यांकडे येते. ही समजूत फार पसरलेली आहे. मला दर महिन्याला त्याच अर्थाची दोन-तीन पत्रं तरी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चढउतार, म्हणजे बाजारवाले जिला व्होलॅटिलिटी म्हणतात ती, मोजली जाते प्रमाण विचलनाने. १६ टक्के याचा ढोबळ अर्थ असा की तीनपैकी साधारण दोन वर्षी परतावा आपल्या सरासरीच्या १६ टक्के इकडे-तिकडे राहतो. शेअरची स्वतःची अशी एक चढउतार असते, डॉलरच्या दराची दुसरी. भाऊजींनी त्या दोन्हींची बेरीज केली. ती बेरीज फक्त एकाच परिस्थितीत खरी ठरते. शेअर आणि डॉलर कायम एकाच वेळी, एकाच दिशेने, एकमेकांच्या ठरलेल्या प्रमाणात हलले पाहिजेत.

यार्डाच्या फाटकातून बाहेर पडून तुम्ही १६ पावलं सरळ चाललात असं समजा. मग आणखी ५ पावलं टाकायची आहेत. ती त्याच दिशेला टाकलीत तर फाटकापासून २१ पावलांवर पोचाल. पण काटकोनात वळून टाकलीत तर? शाळेतला पायथागोरस आठवा. १६ चा वर्ग २५६, ५ चा वर्ग २५, बेरीज २८१, वर्गमूळ जवळजवळ १६.८. पाच पावलं चालूनही अंतर पाऊणच पावलाने वाढलं. आणि वळताना तोंड थोडं फाटकाच्या बाजूला केलंत तर अंतर १६ पेक्षाही कमी होईल. अगदी उलटं फिरून ५ पावलं मागे आलात तर ११ वर थांबाल.

हा नुसता दाखला नाही, चढउतारीचं गणित हुबेहूब याच भूमितीने चालतं. कोणत्या दिशेला वळायचं हे ठरवणाऱ्या आकड्याला सहसंबंध म्हणतात. तो उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये असतो. अधिक एक म्हणजे त्याच दिशेला, शून्य म्हणजे काटकोन, उणे एक म्हणजे पाठ फिरवून मागे. सूत्र असं:

```
V_rupaya^2 = V_share^2 + V_dar^2 + 2 * S * V_share * V_dar
```

यात `V` म्हणजे चढउतार आणि `S` म्हणजे सहसंबंध. भाऊजींचेच १६ आणि ५ घ्या आणि सहसंबंध उणे ०.४ धरा. २५६ अधिक २५ वजा ६४, म्हणजे २१७. वर्गमूळ १४.७. डॉलरमध्ये १६ टक्के हलणारी वस्तू रुपयात मोजली की १४.७ टक्केच हलते. म्हणजे जोखीम दुहेरी झाली नाही, उलट उतरली. आणि यासाठी सहसंबंध फार खोल उणे असायलाही नको. या आकड्यांमध्ये तो उणे ०.१६ च्या खाली असला की पुरे. हा उंबरठा काढायची रीत सोपी आहे: दराची चढउतार भागिले शेअरच्या चढउतारीची दुप्पट, म्हणजे ५ भागिले ३२. पुढे उणे लावा.

मग खरा प्रश्न उरतो तो असा, की भारतीय माणसाच्या बाबतीत तो सहसंबंध खरंच उणे असतो का. बहुतेक वेळा असतो आणि त्यामागे कारण आहे. जगात भीती पसरली की मोठे परदेशी गुंतवणूकदार आमच्यासारख्या देशांतून पैसा काढून डॉलरमध्ये नेतात. त्याच वेळी अमेरिकेचे शेअरही पडत असतात. शेअर खाली, डॉलर वर. रिझर्व्ह बँक आपल्या गंगाजळीतले डॉलर विकून रुपयाची घसरण मंदावते, पण थोपवत नाही. उलट, जगात उत्साह असतो तेव्हा परदेशी पैसा इकडे येतो आणि रुपया सावरतो.

तीन वर्षं शेजारी ठेवून बघा. २००८ मध्ये एस अँड पी ५०० लाभांशासह ३७ टक्क्यांनी कोसळला. डॉलर ३९.४ वरून ४८.७ च्या आसपास गेला. सांगलीतल्या माणसाने रुपयात हिशेब केला असता तर तोटा निघाला असता २२ टक्के. २०१७ चं वर्ष याच्या उलट. तिकडे २१.८ टक्के वाढ झाली, पण डॉलर ६७.९ वरून ६३.९ वर उतरला, म्हणून रुपयात १४.६ टक्केच पदरात पडले. आणि २०२२ तुमच्या घरचंच आहे. डॉलरमध्ये उणे ३७, अधिक २१.८, उणे १८.१. रुपयात उणे २२, अधिक १४.६, उणे ८.८. पडणंही कमी आणि चढणंही कमी. दोन्ही टोकं आतल्या बाजूला ओढली गेली आहेत. चढउतार कमी होते म्हणतात ती डोळ्यांना अशी दिसते. म्हणून २०१७ सारख्या वर्षी "डॉलरने आमचा नफा खाल्ला" अशी तक्रार जेव्हा वाचक करतात, तेव्हा मी त्यांना २००८ दाखवते. वाईट वर्षी जी उशी मिळते तिची किंमत चांगल्या वर्षी चुकती होते.

पण ही तीन वर्षं मी निवडून दिली आहेत, हे तुम्हाला सांगायलाच हवं. आता न जुळणारं वर्ष बघा. २०१३. त्या मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी कमी करण्याची भाषा सुरू केली. भारताची चालू खात्यातली तूट तेव्हा मोठी होती. रुपया असा घसरला की ऑगस्टच्या अखेरीस डॉलर ६८.८ पर्यंत जाऊन आला. अमेरिकेचे शेअर मात्र त्या वर्षी लाभांशासह ३२.४ टक्क्यांनी वर गेले. डॉलर वर्षभरात साधारण ५५ वरून ६१.८ वर आला, म्हणजे रुपयात परतावा निघतो ४९ टक्क्यांच्या आसपास. इथे दोन्ही एकाच दिशेला गेले आणि टोक बाहेर ढकललं गेलं. त्या वर्षी कुणी तक्रार केली नाही, कारण बाहेर ढकललेलं टोक नफ्याचं होतं. पण चढउतारीच्या मापाने ती वाढच होती, आणि उद्या हेच तोट्याच्या बाजूला होऊ शकतं. अमेरिकेचीच घडी बिघडली, डॉलर आणि अमेरिकी शेअर दोघंही एकदम पडले, तर तुम्हाला उशी मिळणार नाही. सहसंबंध हा काही करार नाही. भीतीचं मूळ कुठे आहे त्यावर तो बदलतो.

(हा अनुभव आपल्या घरांना नवीनही नाही. सोन्याचा भाव जगात डॉलरमध्ये ठरतो. त्याच २०१३ मध्ये डॉलरमधलं सोनं चौथ्या हिश्शाहून जास्त उतरलं होतं. इथे सराफकट्ट्यावर मात्र तेवढी घसरण जाणवली नाही, कारण डॉलर महागला होता आणि सरकारने आयात शुल्कही वाढवलं होतं. विट्याच्या गलाई व्यवसायातल्या कुठल्याही घरात विचारा, ते सोन्याचा भाव सांगताना डॉलरचा दर आधी विचारतात.)

आता भाऊजींच्या दुसऱ्या म्हणण्याकडे, "हा भास आहे" याकडे. ते म्हणणं अर्धं खरं का, ते तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे.

पैसा कुठे खर्च होणार, यावर त्याचं घरचं चलन ठरतं. हे १० लाख तुमच्या म्हातारपणासाठी असते, औषधपाणी, घराची डागडुजी, यार्डातलं एखादं अडलेलं देणं यासाठी असते, तर २०२२ चा तोटा ८.८ टक्केच होता आणि त्यात भास काहीही नव्हता. सांगलीतल्या डॉक्टरांचं बिल डॉलर महागला म्हणून त्या वर्षी ११ टक्क्यांनी वाढलं नाही. तुमच्या रुपयांची इथली खरेदीची ताकद तेवढीच कमी झाली जेवढी उताऱ्यावर दिसते, वर इथली नेहमीची महागाई.

पण हे पैसे मुलीच्या फीचे आहेत. फी डॉलरमध्ये भरायची. मग २०२२ मध्ये नेमकं काय झालं ते बघा. तुमच्याकडे १३,४५९ डॉलरची फी होती, वर्षअखेर ११,०२३ डॉलरची उरली. रुपयात ११ टक्क्यांची उशी मिळाली हे खरं, पण तिची फीसुद्धा रुपयात त्याच ११ टक्क्यांनी महागली. एका हाताने मिळालं, दुसऱ्या हाताने गेलं. फीच्या दृष्टीने तुमचा तोटा पुरेपूर १८.१ टक्के होता. भाऊजींना तो झाकलेला वाटला, तो यामुळे. रुपयाचं वर सांगितलेलं सगळं गणित, १४.७ आणि उशी वगैरे, या विशिष्ट पैशाला लागू होतच नाही. या पैशाची चढउतार १६ टक्केच आहे.

आणि याचीच दुसरी बाजू अनेकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही ते पैसे फंडात न घालता २०२१ च्या अखेरीस साडेपाच टक्क्यांनी बँकेत ठेवले असते असं धरा. रुपयात ते १० लाख ५५ हजार झाले असते, एका पैशाची चढउतार नाही. पण फीच्या मापाने? १३,४५९ डॉलरचे उरले १०,५५,००० भागिले ८२.७, म्हणजे १२,७५७ डॉलर. ५.२ टक्क्यांचा तोटा, ज्या ठेवीला आपण जगातली सगळ्यात शांत गुंतवणूक समजतो तिच्यात. डॉलरमध्ये खर्च करणाऱ्यासाठी सांगलीतली मुदत ठेव हीच परदेशी मालमत्ता असते आणि तिची जवळजवळ सगळी चढउतार दराची असते. याचप्रमाणे अमेरिकेत राहणाऱ्या भावाची तिकडची ठेव त्याच्यासाठी स्थिर आहे आणि तो इकडे परत येणार असेल तर तीच दराएवढी हलणारी आहे. शेअरच्या बाबतीत दराचा वाटा १६ मध्ये विरघळून जातो, ठेवीच्या बाबतीत दर हाच सगळा खेळ असतो. म्हणून "डॉलरची जोखीम किती" असं एकच उत्तर नसतं. ती कशावर चढली आहे ते आधी विचारावं लागतं.

तुम्ही आणि भाऊजी हा हिशेब घरच्या संगणकावर स्वतः करून बघा, असं मी आग्रहाने सांगेन. एका तक्त्यात पहिल्या रकान्यात महिनाअखेरची तारीख, दुसऱ्यात निर्देशांकाचा डॉलरमधला आकडा, तिसऱ्यात डॉलरचा दर. ३७ महिन्यांच्या नोंदी घेतल्या की ३६ परतावे मिळतात. नोंदी दुसऱ्या ओळीपासून सुरू झाल्या असं धरून तिसऱ्या ओळीत हे लिहा आणि खाली ओढा:

```
D3: =B3/B2-1
E3: =C3/C2-1
F3: =(1+D3)*(1+E3)-1
```

`D` मध्ये डॉलरमधला परतावा, `E` मध्ये दराचा, `F` मध्ये रुपयातला. मग बाजूला वर्षाच्या मापाची चढउतार आणि सहसंबंध:

```
=STDEV.S(D3:D38)*SQRT(12)
=STDEV.S(E3:E38)*SQRT(12)
=STDEV.S(F3:F38)*SQRT(12)
=CORREL(D3:D38,E3:E38)
```

महिन्याची चढउतार वर्षाची करताना १२ ने नव्हे, १२ च्या वर्गमुळाने गुणायचं. कारण तेच पावलांचं आहे. एक महिना दुसऱ्याशी साधारण काटकोनात असतो, म्हणून बारा महिन्यांची सरळ बेरीज होत नाही.

यात चुका कुठे होतात ते सांगते. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दुसऱ्या रकान्यात भारतीय फंडाची एनएव्ही घालणं. ती आधीच रुपयात असते. तिला पुन्हा दराने गुणलं की दर दोनदा मोजला जातो. मीही पहिल्यांदा एका नातेवाइकाला हिशेब करून देताना हेच केलं होतं आणि २०२२ ला त्यांना तोटा जवळपास नाहीच असं सांगून बसले. ओळखायची खूण अशी: रुपयाचा परतावा आणि तुमच्या उताऱ्यावरचा परतावा यांत जवळजवळ दराच्या हालचालीएवढाच फरक दिसला, तर दर दोनदा लागला आहे. फरक वर्षाला एखाद्या टक्क्याच्या आत असला तर तो फंडाचा खर्च समजा. निर्देशांक लाभांशासह घेतला आहे ना तेही बघा. बातम्यांत येतो तो बहुधा लाभांशाशिवायचा असतो. २०२२ ची घसरण त्या मापाने १९.४ टक्के होती, लाभांशासह १८.१.

दुसरी चूक आहे रोजचे आकडे घेण्याची. जास्त आकडे म्हणजे जास्त अचूक उत्तर असं वाटतं, पण इथे उलटं होतं. आपल्याकडे डॉलरचा संदर्भ दर दुपारी जाहीर होतो आणि अमेरिकेचा बाजार उघडतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते. सोमवारी रात्री तिकडे बाजार कोसळला तर रुपयाला त्याचा धक्का मंगळवारी बसतो. तुमच्या तक्त्यात मात्र शेअरची घसरण सोमवारच्या ओळीत आणि डॉलरची वाढ मंगळवारच्या ओळीत पडते. दोघांचा काही संबंधच नाही असं दिसतं, सहसंबंध शून्याकडे सरकतो आणि रुपयातली चढउतार आहे त्यापेक्षा जास्त वाटते. महिन्याचे आकडे घेतले की एका दिवसाचं हे मागेपुढे होणं जवळजवळ नाहीसं होतं.

आणि कालखंड छोटा घेऊ नका. २०२२ च्या अखेरीस डॉलर ८२.७ होता, २०२३ च्या अखेरीस ८३.२. वर्षभरात अर्ध्या टक्क्याच्या थोडासा वर. नुसत्या त्या वर्षावर हिशेब केला तर दराची चढउतार नगण्य येईल आणि वाटेल, डॉलरची काळजी करायला नको. ती शांतता बरीचशी रिझर्व्ह बँकेने राखलेली असते. असा दर महिनोन्‌महिने जागचा हलत नाही आणि मग काही आठवड्यांत उडी घेतो. १० वर्षांचे महिने मिळाले तर तेवढे घ्या, आणि त्यातली ३-३ वर्षं वेगळी काढून सहसंबंध पुन्हा बघा. प्रत्येक तुकड्यात तो वेगळा येईल. किती वेगळा येतो, ते बघूनच त्याच्यावर किती भिस्त ठेवायची हे ठरवता येतं.

काहीजण विचारतात की दराची जोखीम बांधून टाकता येत नाही का. वायदा करून डॉलरचा पुढचा भाव आज पक्का करता येतो. पण भारतातले व्याजदर अमेरिकेपेक्षा बहुतेक काळ जास्त राहिल्यामुळे पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा महाग मिळतो. म्हणजे शेअर ठेवून डॉलर आज विकून बांधणाऱ्याला उलट तो फरक मिळतो, पण त्याच्या बदल्यात २००८ आणि २०२२ ची उशी तो गमावतो. रुपयात खर्च करणाऱ्या आणि शेअर धरणाऱ्या घराला मी हे सुचवणार नाही. त्याची चढउतार १४.७ वरून पुन्हा १६ कडे जाईल.

आता तुमच्या १० लाखांचं. मी त्यांचे दोन भाग करीन. दोन वर्षांत फीला लागणारे पैसे शेअरमध्ये ठेवू नका, मग ते अमेरिकेचे असोत की भारताचे. भाऊजींचा हा सल्ला मला मान्य आहे, कारण वेगळं असलं तरी. डॉलरमध्ये १६ टक्के हलणाऱ्या वस्तूला दोन वर्षांची मुदत फार तोकडी आहे आणि रुपयाची उशी या पैशाला मिळत नाही. ते टप्प्याटप्प्याने काढून ठेवीत आणा. मग उरते ती दराची जोखीम, ती आधीच रुपयात मांडून ठेवा. समजा पूर्ण फी ४०,००० डॉलर आहे आणि आज दर ८५ धरला, तर ३४ लाख लागतात. दर १० टक्क्यांनी वर गेला तर ३७ लाख ४० हजार. मधले ३ लाख ४० हजार कुठून येतील याचं उत्तर आज तयार हवं, मग ते शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीत वाढीव रक्कम मागून असेल किंवा ठेवीतच जास्तीचे ठेवून. तुमचा आजचा प्रत्यक्ष दर आणि विद्यापीठाचा प्रत्यक्ष आकडा घालून हा हिशेब पुन्हा करा, आणि दर सहा महिन्यांनी करा.

फीला न लागणारे जे उरतील, जे तुम्ही आणि तुमचे यजमान इथेच सांगलीत १०-१५ वर्षांनी खर्च करणार आहात, ते त्या फंडात राहू द्या. त्यांच्यासाठी रुपया हेच माप आहे आणि भाऊजींचे २१ टक्के त्यांना लागू नाहीत. तक्त्यातला `F` रकाना या भागाचा आणि `D` रकाना मुलीच्या भागाचा, असं दोन रंगांत रंगवून ठेवा. भाऊजी पुढच्या वेळी जेवायला आले की तो कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि सहसंबंध त्यांनाच काढायला सांगा. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा हिशेब आवडेल, आणि कदाचित तुमच्या आकड्यांतली एखादी चूक तेच आधी पकडतील.